पोळी सोडण्याआधी तपासणी

दादरच्या माझ्या मावसबहिणीने पोट फुगतं म्हणून दोन महिने पोळी-पाव सोडला आणि मग सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी मोजणारी रक्ततपासणी केली. ती निगेटिव्ह आली, पण त्या निकालावर विसंबता येईना. गहू सुटला की या अँटीबॉडी उतरतात. डॉक्टरांनी सहा-आठ आठवडे रोज पोळी खाऊन पुन्हा तपासायला सांगितलं.

गव्हाचा त्रास सीलिॲकशिवायही असू शकतो. गव्हाच्या ॲलर्जीत खाल्ल्यावर मिनिटांत किंवा दोनेक तासांत अंगावर पित्त उठतं, कधी धापही लागते. या ॲलर्जीची तपासणी त्वचेवर किंवा रक्तातल्या आयजीई या अँटीबॉडीवरून होते.

तिसरा प्रकार ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी, त्याला स्वतःची तपासणीच नाही. सीलिॲक आणि ॲलर्जी वगळूनच त्रासाला ते नाव देतात, आणि थोडी पोळी कित्येकांना सोसते. सीलिॲकमध्ये मात्र आतड्याला इजा होते, म्हणून गहू, जव, राय जन्मभर बंद. गव्हाचं पीठ मिसळलेला हिंगसुद्धा!