शिफारसपत्रात ‘लाजाळू’ लिहावं की ‘मितभाषी’?

वर्गात फारसं न बोलणाऱ्या मुलाचं शिफारसपत्र लिहायला बसलं की पेन एका विशेषणाशी अडतं. लाजाळू, बुजरा, भिडस्त, मितभाषी, अंतर्मुख हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पत्रात तसं चालत नाही, कारण प्रत्येक शब्द गप्प राहण्याचं वेगळं कारण सांगतो आणि पत्र वाचणारा त्या कारणावरच निर्णय घेतो.

‘लाजाळू’ मी पत्रात कधीच लिहीत नाही. मराठीत ‘लाज’ म्हणजे संकोचही आणि शरमही, त्यामुळे मुलाने काही लपवण्यासारखं केलंय की काय, अशी छटा नकळत येते. शिवाय हा शब्द मुलीसाठी वापरला तर कौतुक वाटतं आणि मुलासाठी वापरला तर चिडवल्यासारखं. एकाच स्वभावाला दोन मापं लावणारा शब्द शिफारशीत नको. ‘भित्रा’चा तर प्रश्नच नाही. तो थेट धैर्यावरचा निकाल आहे.

‘बुजरा’ मात्र नीट पाहण्यासारखा शब्द आहे. तो ‘बुजणे’वरून आला. अनोळखी वस्तू पुढे आली की बैल किंवा घोडा बुजतो आणि तिची सवय झाली की शांतपणे चालू लागतो. म्हणजे या शब्दात नवखेपणाची अट आहे आणि ओळख झाल्यावर बुजरेपणा ओसरेल, हेही त्यात येतं. ‘भिडस्त’ माणसाची अडचण वेगळी असते. त्याला समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. तो गप्पा मारेल, हसेल, पण गटातलं सगळं काम अंगावर घेईल आणि तक्रार करणार नाही. ओळख वाढली म्हणून भीड कमी होईलच असं नाही, कधीकधी ती वाढतेच.

राहिले दोन प्रतिष्ठित शब्द. ‘मितभाषी’मधला ‘मित’ म्हणजे मोजका. हा माणूस बोलू शकतो, पण मोजून बोलतो, आणि घरी, मित्रांत, वर्गात सगळीकडे साधारण तसाच असतो. ‘अंतर्मुख’ला आपल्याकडे चिंतनाचा, आत वळून पाहण्याचा जुना अर्थ आहे. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांमुळे त्याला मानसशास्त्रीय अर्थही चिकटला. अंतर्मुख माणसाला लोकांची भीती असतेच असं नाही, त्याला एकांतात बरं वाटतं. पण ते त्याच्या मनातलं आहे. आठवड्याला चार तास फळ्यासमोरून पाहणाऱ्या मला ते कितपत दिसणार? विद्यार्थी स्वतः तसं सांगत असेल तरच मी हा शब्द वापरते.

माझ्या एका विद्यार्थिनीला निवासी विज्ञान शिबिरासाठी पत्र हवं होतं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘मितभाषी असली तरी हुशार आहे.’ दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा त्यात दोन चुका दिसल्या. ‘असली तरी’ या दोन शब्दांनी मी तिच्या गप्प राहण्याचा दोष करून टाकला होता. आणि ‘मितभाषी’ खरंही नव्हतं. प्रयोगशाळेत तिच्या चौघींच्या गटात तिचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा. एकदा मी फळ्यावर गणितात चिन्ह चुकवलं, तर तास संपल्यावर तिने येऊन चूक दाखवली, म्हणजे भित्रीही नाही. प्रयोगाची वही दुसऱ्या गटाने उतरवायला मागितली, तेव्हा तिने सरळ नकार दिला, म्हणजे भिडस्तही नाही. गप्प असायची ती फक्त वर्ष सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे, आणि नंतर गट बदलले तेव्हा पुन्हा थोडे दिवस. हे सगळं एकाच शब्दाशी जुळतं, बुजरी.

तरीही पत्रात ‘बुजरी’ लिहिलं नाही. आपल्या कानाला त्यात लहान मूल ऐकू येतं, आणि शिबिर तर काही दिवसांचंच. निवड करणाऱ्यांनी मितभाषी वाचलं असतं, तर ती शेवटपर्यंत कमीच बोलेल असं धरून तिला एकटीचं काम दिलं असतं, आणि तिथेच तिचं नुकसान झालं असतं. म्हणून शब्द मनात ठेवला आणि त्याचा अर्थ उलगडून लिहिला: ‘नव्या गटात ती सुरुवातीला ऐकण्याची भूमिका घेते. पहिल्या दिवसापासून तीन-चार जणांच्या ठरलेल्या गटात ठेवल्यास ती लवकर मोकळी होते आणि मग चर्चा पुढे नेते. शिक्षकांची चूक दिसली तर ती नम्रपणे दाखवून देते.’

पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिसऱ्या वाक्यावर ती हसली, आणि दुसऱ्यातलं ‘तीन-चार’ खोडून ‘चार’ करा म्हणाली.