लांबच्या प्रवासाला कुठली पँट: सुती, सिंथेटिक की लोकरी?

प्रवासात काय घालावं असं विचारलं की लोक टी-शर्टापासून सुरुवात करतात. मी पँटपासून करतो. वरचा कपडा उतरण्याआधी अर्धा तास बदलता येतो, घडीचा शर्ट बॅगेत सगळ्यात वर ठेवला की झालं. पण विमानातल्या किंवा रेल्वेतल्या त्या एवढ्याशा संडासात, एका पायावर तोल सांभाळत, ओल्या जमिनीला कापड लागू न देता पँट बदलून बघा एकदा. तेव्हा जी घालून निघाल तीच घालून पोचाल, असं धरून चालावं.

तीन पर्याय मी आलटून पालटून वापरले आहेत: सुती (चिनो आणि जीन्स), पॉलिएस्टर-नायलॉनची ताणली जाणारी ‘ट्रॅव्हल पँट’ आणि पातळ लोकरीची फॉर्मल पँट. लिननला यादीत घेतलं नाही. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच ते हार मानतं.

आधी माझं दुखणं सांगतो, कारण निर्णय त्यावरच झाला. अकरा तासांच्या विमानप्रवासानंतर मला थेट एका मुलाखतीला जायचं होतं. अंगात फिकट खाकी चिनो, आदल्या रात्री कडक इस्त्री केलेली. बसायला उत्तम, काही टोचत नव्हतं. पोचल्यावर लिफ्टच्या आरशात पाहिलं तर दोन्ही गुडघ्यांवर वाट्या उपड्या ठेवल्यासारखे फुगवटे, आणि मांड्यांच्या सांध्यात पंख्यासारख्या पसरलेल्या चुण्या. मी ताठ उभा होतो, पँट अजून बसलेलीच होती. चुण्यांचं एक वेळ चालतं, कोट खाली आला की झाकल्या जातात. गुडघ्यांचे फुगे कशानेच झाकत नाहीत.

सुती कापडाचं हे असं का होतं, ते इस्त्रीवरून कळतं. सुती धाग्याला ओल आणि ऊब मिळाली की तो असेल त्या आकारात बसतो. इस्त्रीआधी पाणी शिंपडतो ते त्यासाठीच. प्रवासात मांडीखाली आणि गुडघ्यामागे घाम व अंगाची ऊब तासन्‌तास मिळत राहते, म्हणजे बसल्या बसल्या आपण कापडाला उलटी इस्त्रीच करत असतो. जीन्सच्या जाड कापडात चुण्या कमी दिसतात हे खरं, पण थोडं इलॅस्टेन घातलेली मऊ जीन्स गुडघ्यावर ताणली जाते आणि पूर्ववत व्हायला वेळ लावते. शिवाय बसल्या जागी पोटाशी जाड शिवण रुततेच. विमानात हवेचा दाब कमी असल्यामुळे पोटातला वायू प्रसरण पावतो, त्यामुळे निघताना नीट बसणारी कंबर तीन तासांनी आवळायला लागते.

चिनोला कंटाळून मी सिंथेटिक घेतली, आणि तिच्यावर अन्याय करायचा नाही. पॉलिएस्टर पाणी जवळपास पीतच नाही. त्याचा धागा नरम पडून नवा आकार धरायला साधारण ७०-८० अंश सेल्सिअस लागतात, अंगाची ऊब ३७ची. त्यामुळे चुण्या पडायला वावच नाही. सोळा तास रेल्वेत काढले, वरच्या बर्थवर चढलो-उतरलो, तीच घालून झोपलो. सकाळी पँट तशीच्या तशी. चहा सांडला तो ओल्या रुमालाने पुसला गेला. रात्री धुतली तर सकाळी वाळलेली मिळते, हे लोकरीला कधी जमणार नाही.

मग अडलं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं, वास. दुपारनंतर घामाचा एक आंबूस दर्प यायला लागतो. घामातला तेलकट भाग पॉलिएस्टरला चिकटून राहतो, आणि तो साध्या धुण्याने पूर्ण जात नाही. शेजारच्याला येत होता की नाही ठाऊक नाही, मला येत होता आणि बैठकीत माझं लक्ष तिकडेच जात होतं. दुसरं, कापडाची ती बारीक चकाकी. बॅगेला शोभेल अशी, ट्यूबलाइटखाली जास्तच दिसणारी. हा माझा चोखंदळपणा असेल. पोचल्यावर थेट घरी किंवा डोंगरात जाणाऱ्याने याकडे काणाडोळा करावा.

लोकरी पँट म्हटलं की थंडी आठवते, पण मी म्हणतोय ती पातळ, जास्त पीळ दिलेल्या धाग्याची, साध्या विणीची. प्रकाशासमोर धरली तर बारीक जाळी दिसते, हवा खेळते. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळण असतं, त्यामुळे दाबल्यावर तो स्प्रिंगसारखा परत येऊ पाहतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के वाफ पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि वासही कमी धरते. चुण्या हिलाही पडतात, फक्त त्या राहत नाहीत. पोचल्यावर पायांची टोकं वर आणि कंबर खाली अशी उलटी टांगायची. कंबरेच्या वजनाने गुडघे ओढले जातात. बाथरूममध्ये दहा मिनिटं गरम पाण्याची वाफ, मग अर्धा तास कोरड्या हवेत. एवढीही सवड नसेल तर ओला हात गुडघ्यांवरून फिरवायचा आणि पंधरा मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यानेही बरंच निघतं.

घेताना मी एकच गोष्ट आवर्जून पाहतो: पँट उलटी करून पुढच्या बाजूला गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर आहे का. गुडघा वाकतो तेव्हा ते अस्तर घसरतं आणि ताण स्वतःवर घेतं, वरचं कापड वाचतं. अंगाला टोचण्याची तक्रारही त्याने बरीचशी मिटते. मापात मांडीला थोडी सैल हवी, कारण घट्ट पँट कुठल्याही कापडाची असो, गुडघ्यावर ताणलीच जाणार. आणि ‘सुपर १५०’ वगैरे आकड्यांना भुलू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा, आणि तंतू जितका तलम तितक्या चुण्या लवकर. प्रवासाला १०० ते १२० बरं.

तोटे आहेतच. मशीनमध्ये टाकता येत नाही, कसरीपासून जपावी लागते, आणि रोज घातली तर बुडाशी चकाकायला लागते. एकदा घातल्यावर दिवसभर तिला विश्रांती द्यावी लागते. महिन्यातून चार-पाच वेळा प्रवास करणाऱ्याला एका पँटने भागणार नाही. त्याने लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण पाहावं. वास किंचित वाढतो, आयुष्य बरंच वाढतं.

सध्या माझ्याकडे गडद राखाडी रंगाची आहे. बसण्याआधी मांडीवर चिमटीने जराशी वर ओढून घेतो, बेल्ट बॅगेत टाकतो आणि उतरताना घालतो. सिंथेटिक पँट फेकलेली नाही. पावसाळ्यात आणि लहान मूल मांडीवर असलेल्या प्रवासात तीच निघते.