वादळाचे ब्रश: बरेच महिने वापरल्यानंतर

मशीन बदललं, फोटोशॉप नव्याने टाकलं आणि ब्रशच्या यादीतून विकत घेतलेला वादळाच्या ब्रशचा संच गायब. विक्रेत्याच्या साइटवर गेलो तर डाउनलोडच्या लिंकची मुदत संपलेली. पावती जोडून मेल केली, उत्तर आलं की नियमाप्रमाणे लिंक ठरावीक काळच चालते, संच पुन्हा विकत घेता येईल. म्हणजे पैसे भरून घेतलेली वस्तू हरवली तर पुन्हा पैसे भरा! चार मेल झाल्या, प्रत्येक वेळी तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. शेवटी जुन्या डिस्कवर एबीआर फाइल सापडली म्हणून काम भागलं. तुमच्याकडे कुठलेही विकतचे ब्रश असतील तर आजच ते निवडून ‘एक्सपोर्ट सिलेक्टेड ब्रशेस’ करा आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. हात घालतोच आहे तर या संचाबद्दल सविस्तर लिहून टाकतो, कारण खरेदीच्या पानावरच्या नमुन्यांत आणि प्रत्यक्षात फार अंतर आहे.

संचात दोन भाग आहेत, ढग आणि विजा. ढगांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. टिप मोठ्या आकाराच्या आहेत, पूर्ण रुंदीच्या आभाळावर ताणल्या तरी फाटत नाहीत. मात्र ढगाचा ब्रश म्हणजे ढग नव्हे. ब्रशच्या टिपमध्ये रंग नसतो, फक्त कुठे किती दाट याचा करड्या छटांतला नकाशा असतो. एकाच रंगाने शिक्का मारला की ढगाची आकृती मिळते, पण त्याचं पोट आणि पाठ मिळत नाही. म्हणून मी आधी मध्यम करड्या रंगाने नॉर्मल मोडवर ढगाचा ऐवज घालतो. त्याला क्लिप केलेल्या मल्टिप्लाय लेयरवर वेगळ्याच टिपने खालची बाजू काळवंडून घेतो आणि वरच्या कडांना वेगळ्या नॉर्मल लेयरवर थोडा फिकट रंग देतो. वादळी ढगाचा तळ बराचसा सपाट आणि गडद असतो, फुलोरा वरच्या बाजूला असतो. त्यामुळे शेप डायनॅमिक्समध्ये आडवं उलटवणं चालू ठेवायचं आणि उभं उलटवणं बंद करायचं, नाहीतर निम्मे ढग पालथे पडतात. संचात हे आधीच लावून द्यायला हवं होतं. दिलेलं नाही.

आता मूळ दुखणं, विजा.

या संचातल्या जवळजवळ प्रत्येक विजेच्या टिपमध्ये तिच्याभोवतीची प्रभा आधीच भरलेली आहे. नमुन्याच्या चित्रात ते छान दिसतं, कारण तिथे पार्श्वभूमी काळीकुट्ट आहे. कामाला घेतलं की गळफास बसतो. टिपला एकच रंग लागतो, म्हणजे गाभा आणि प्रभा दोन्ही त्याच रंगात. पांढरा घेतला तर विजेभोवती दुधट धुकं, जांभळा घेतला तर वीजच जांभळी नळी. खऱ्या विजेच्या फोटोत गाभा इतका तेजस्वी असतो की तो पांढराच उमटतो आणि रंग दिसतो तो आजूबाजूच्या उजेडात. ही दोन वेगळी कामं आहेत, दोन लेयरची. विकणाऱ्याने ती एका शिक्क्यात कोंबून आपलं काम वाचवलं आणि माझं वाढवलं.

निरभ्र आभाळावर तर हा दोष जास्तच बोचतो. समजा क्षितिजाजवळच्या आभाळाचा हिरवा चॅनल 210 वर आहे. स्क्रीन मोड फक्त उजळवतो आणि कमाल 255 पर्यंतच जातो, म्हणजे विजेला चढायला उरले 45. प्रभा साधारण तीस टक्के दाट धरली तर 210 चे 223 होतात. डोळ्याला ती वीज दिसत नाही, काच नीट पुसलेली नाही असं वाटतं. तीच प्रभा 50 वर असलेल्या आभाळावर टाकली तर आकडा 111 पर्यंत उडी मारतो. मोड बदलून बघितले, लिनियर डॉज, कलर डॉज. मूळ आभाळ उजळ असेल तर कुठलाही मोड वाचवत नाही. विजेला हात लावण्याआधी आभाळ खाली आणावंच लागतं.

आणि खाली आणताना निळ्याचं काय करायचं? हे कुठल्याच नमुन्यात सांगत नाहीत. निळं आभाळ नुसतं गडद केलं की वादळ येत नाही, रात्र येते. टेकडीवरच्या एका झाडाच्या फोटोवर मी हे करून बघितलं. दुपार कलती, आभाळ स्वच्छ, माथ्यावर लाल, हिरवा, निळा चॅनल साधारण 110, 150, 200 आणि क्षितिजाशी 190, 210, 225. त्यावर 70, 80, 95 या करड्या-निळ्या रंगाची मल्टिप्लाय लेयर टाकली. क्षितिज 52, 66, 84 वर आलं, ते ठीक. माथा मात्र 30, 47, 75 वर गेला, म्हणजे सरळ चांदणी रात्र. मग मल्टिप्लायच्या खाली ह्यू-सॅच्युरेशन लेयर घालून निळ्याचा जोर साठ-सत्तरने उतरवला. तेव्हा कुठे शिशाच्या रंगाचं आभाळ दिसायला लागलं आणि ढगांचे शिक्के त्यात मिसळले.

झाडाच्या फांद्यांमधून दिसणाऱ्या आभाळासाठी मास्क हवा, तो ब्लू चॅनलवरून काढला. निळं आभाळ त्या चॅनलमध्ये उजळ असतं, पानं काळपट. चॅनलची प्रत घेऊन लेव्हल्स ताणल्या की बहुतेक काम होतं. हाच मास्क एका ग्रुपला लावून वादळाचं सगळं सामान त्या ग्रुपमध्ये ठेवायचं. प्रत्येक लेयरला वेगळा मास्क दिला तर पानांच्या कडेला फिकट रेघ उरते आणि ती शोधत बसण्यात संध्याकाळ जाते.

आता विजेच्या टिपची दुरुस्ती. पांढऱ्या कोऱ्या फाइलवर काळ्या रंगाने वीज मूळ आकारात उमटवायची. गाभा काळा येतो, प्रभा करडी. लेव्हल्समध्ये पांढरी खूण डावीकडे साधारण 90 पर्यंत ओढली की प्रभा उडते, काळी खूण आहे तिथेच ठेवायची म्हणजे कडा करवतीसारख्या दातेरी होत नाहीत. मग ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’, झाला स्वच्छ गाभ्याचा नवा ब्रश. एकच पंचाईत होते. विजेचे बारीक फाटे मुळातच प्रभेइतके करडे असतात, तेही तिच्याबरोबर उडतात. ते पेनच्या दाबाने बारीक होत जाणाऱ्या साध्या गोल ब्रशने हाताने ओढावे लागतात. ढगातून जमिनीवर येणाऱ्या विजेचे फाटे खाली, पुढच्या दिशेला फुटतात. वर उघडणारे फाटे उंच मनोऱ्यावरून वर चढणाऱ्या विजेला असतात. जागा जुळवायला वीज उभी उलटवली की नेमकं हेच बिघडतं. संचातल्या काही टिप तर मुळातच उलट्या भरल्या आहेत, बहुधा उलट्या फोटोवरून काढल्या असाव्यात.

गाभा पांढरा, स्क्रीनवर. त्याच्याखाली वेगळी लेयर, लिनियर डॉज, मऊ गोल ब्रश, फ्लो पाच टक्क्यांच्या आसपास, रंग फिकट निळा-जांभळा. हात वीज ढगातून बाहेर पडते त्या जागी जास्त फिरवायचा आणि खाली येताना कमी करायचा. ‘आउटर ग्लो’ लावू नका. तो सगळीकडे सारख्याच रुंदीचा उजेड देतो आणि वीज दुकानाच्या निऑन पाटीसारखी दिसते. ढगाच्या पोटातला उजेड मात्र कलर डॉजने सुरेख येतो, कारण तो मुळात उजळ असलेल्या भागाला जास्त उचलतो आणि पूर्ण काळ्याला हलवतच नाही, त्यामुळे ढगाचे पदर उमटतात. त्या लेयरचा जोर ओपॅसिटीने नाही, ‘फिल’ने कमी करायचा. या मोडमध्ये दोन्हींचा परिणाम वेगळा होतो, आणि फिल उतरवलं की भगभगीतपणा आधी जातो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि ‘विजांसाठी हा संच घेऊ नका’ असा निकाल देणार होतो. मधल्या काळात एका कामात क्षितिजावर, पावसाच्या पडद्याआड, लहानशी वीज हवी होती. दुरुस्त केलेला स्वच्छ गाभा तिथे ब्लेडने कापल्यासारखा दिसायला लागला. सहज म्हणून मूळ टिप घेतली, आकार अगदी लहान, रंग मळकट पिवळट, स्क्रीनवर सत्तर टक्के. चपखल बसली. पाऊस आणि दमट हवा उजेड पसरवते, त्यामुळे लांबच्या विजेत गाभा आणि प्रभा खरंच एकमेकांत विरघळलेले असतात. म्हणजे ज्या दोषावर मी एवढा चिडलोय तोच लांबच्या विजेसाठी उपयोगी निघाला. जवळच्या, मोठ्या विजेबद्दलचं मत बदललेलं नाही. आणि वर्णनात ‘दूरच्या दृश्यासाठी’ असा शब्द घालायला विक्रेत्याचं काय जात होतं?

काळवंडलेल्या आभाळात पट्टे दिसायला लागले तर दोष ब्रशचा नाही. 8 बिटच्या फोटोतला निळा उतार ताणला की पायऱ्या पडतातच. रॉ फाइल असेल तर सुरुवातीपासून 16 बिटमध्ये काम करा, नसेल तर सगळ्यात वर एक-दीड टक्का नॉइज टाका.

संच पुन्हा विकत घेणार नाही, ढग बरे असले तरी नाही. दुरुस्त केलेल्या विजा आणि ढगांच्या निवडक टिप मी स्वतःच्या एबीआरमध्ये बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना विकत घ्यायचाच आहे त्यांनी आपले फोटो आधी बघून घ्यावेत. भर दुपारच्या फोटोत जमिनीवर काळ्या, धारदार सावल्या असतात आणि वर गच्च आभाळ चढवलं की चित्र खोटं पडतं, त्या सावल्या मिटवणं हे वेगळंच मोठं काम. सूर्य खाली आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर मात्र सावल्या तशाच ठेवता येतात. समोर काळं आभाळ आणि अंगावर ऊन, असं खरोखर होतं. माझ्या झाडाच्या फोटोत ऊन डावीकडून येत होतं, म्हणून डावीकडचा क्षितिजाचा पट्टा उजळ ठेवला, ढग उजवीकडे दाट केले आणि वीजही उजवीकडेच उतरवली.