पिवळ्या नटांचे तीन रॉड : वसतिगृहाच्या गरम पाण्याच्या लाइनीत आमची फसवणूक कशी झाली

निपाणी परिसरातील एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहाची देखभाल माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीपूर्वी आम्ही बॉयलरपासून लांबच्या इमारतीपर्यंत १२० मीटरची गरम पाण्याची नवी लाइन टाकून घेतली आणि डिसेंबरात एका पहाटे तिचा बेलोज हा लवचिक जोड फुटून ८५ अंशांचे पाणी पायवाटेवर उसळले. मुले आंघोळीला निघण्याच्या अर्धा तास आधी हे घडले, म्हणून कोणी भाजले नाही. आमच्या भागात थंडीसाठी अशा लाइनी टाकणाऱ्या शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये आणि दवाखाने बरेच आहेत. ज्या रीतीने आमची फसवणूक झाली ती कोणालाही वरून दिसण्यासारखी नाही, म्हणून सगळा तपशील लिहितो आहे.

आधी काम काय होते ते सांगतो. साध्या पोलादाच्या एक मीटर पाइपाची लांबी तापमान एका अंशाने वाढले की ०.०१२ मिलिमीटरने वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाइप २० अंशांना जोडलेला असेल आणि पाणी ८५ अंशांचे असेल, तर ६५ अंशांच्या फरकाने ६० मीटर पाइप जवळजवळ ४७ मिलिमीटर लांबतो. ही वाढ दोन्ही टोके घट्ट धरून रोखू म्हटले, तर आमच्या चार इंची पाइपात चोवीस टनांच्या आसपास जोर साठतो, आणि तो भिंत, वेल्डिंग किंवा पंपाचा फ्लँज यांपैकी जे कच्चे असेल तिथे बाहेर पडतो. म्हणून सल्लागाराने नकाशात लाइनीचे दोन भाग केले होते. बॉयलरकडच्या मोकळ्या जागेतील पहिल्या ६० मीटरांत एक मोठा लूप होता, म्हणजे पाइपालाच दिलेले यू आकाराचे वळण, जे वाकून पाइपाची वाढ घेते. पुढचे ६० मीटर कुंपणाच्या भिंतीला लागून जातात, तिथे लूपला जागा नसल्याने एक बेलोज होता. दोन्ही टोकांना आणि मधोमध असे तीन अँकर होते, म्हणजे तेवढ्या जागी पाइप जमिनीशी जखडलेला आणि बाकी सगळीकडे गाइडमधून लांबीच्या दिशेने सरकायला मोकळा. बेलोज मधल्या अँकरला लागूनच, इमारतीच्या बाजूला होता.

बेलोज म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याची घड्या पाडलेली नळी. पाइप लांबला की ती दबते, थंड झाला की मोकळी होते. लूपपेक्षा ती कितीतरी कमी जागेत बसते, पण तिची एक गोष्ट ठेकेदाराला ठाऊक होती आणि आम्हाला नव्हती. आतल्या पाण्याचा दाब या घड्यांना ताणून लांब करू पाहतो. आमच्या बेलोजमध्ये हा दाब ज्यावर काम करतो ते क्षेत्रफळ १४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे. दर चौरस सेंटिमीटरला चार किलो अशा दाबाला साधारण साडेपाचशे किलोंचा आणि चाचणीच्या सहा किलो दाबाला साडेआठशे किलोंच्या आसपासचा रेटा तो दोन्ही बाजूंच्या पाइपांना देतो. पाणी थंड असले तरी हा रेटा असतोच, कारण तो तापमानाचा नाही, दाबाचा आहे. तो पेलण्यासाठीच बेलोजच्या दोन्ही बाजूंना भक्कम मुख्य अँकर लागतात. लूपला असा रेटा नसतो, म्हणून जागा असेल तिथे लूपच घालावा असे आता माझे मत झाले आहे.

करारात मधल्या अँकरसाठी लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा पाया, त्यात पुरलेली प्लेट आणि पाइपाला वेल्ड करून त्या प्लेटवर जोडलेल्या आधारपट्ट्या, म्हणजे गसेट, असे स्पष्ट लिहिले होते आणि त्याचे पैसे ठेकेदाराने पूर्ण घेतले. प्रत्यक्षात त्याने साध्या फरशीवर चार फास्टनर मारून एक चॅनलचा खांब उभा केला आणि त्यावर पाइप यू-बोल्टने आवळला. आम्ही पाहायला जाईपर्यंत वर काचलोकर आणि अॅल्युमिनियमचा पत्रा चढलेला होता, त्यामुळे खांब कशाला धरून आहे हे दिसलेच नाही. घाईने इन्सुलेशन चढवण्याचे कारण त्याने पावसाचे सांगितले. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे परतीचा पाऊस पडतो, म्हणून आम्हाला ते पटले.

खरी फसवणूक मात्र चाचणीच्या दिवशी झाली. बेलोज कारखान्यातून येतो तेव्हा वाहतुकीत घड्या ताणू किंवा दबू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही फ्लँजांना धरून तीन रॉड बसवलेले असतात आणि त्यांच्या नटांना बहुधा पिवळा रंग असतो. आमच्यासारख्या साध्या बेलोजवरचे हे वाहतुकीचे रॉड अँकर व गाइड पक्के झाल्यावर, पण दाबाची चाचणी घेण्याआधी काढायचे असतात. आमच्या ठेकेदाराने ते तसेच ठेवून सहा किलो दाब भरला. साडेआठशे किलोंचा सगळा रेटा त्या तीन रॉडांनी आपापसात पेलला आणि अँकरवर काहीच आले नाही. गेजचा काटा तासभर जागचा हलला नाही, चहा झाला, आणि मी चाचणीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी रॉड कापून नेले. चाचणी पाइपाची झाली होती, अँकरची झालीच नव्हती.

बेलोज फुटल्यावर ठेकेदार मला म्हणाला, ‘सर, सहा किलोला तासभर टिकलेली लाइन आहे, तुमची सही आहे, आता पाण्यातल्या क्षारांना मी काय करू?’ त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षे काढलेले माझे एक मावसभाऊ आहेत, त्यांना मी बोलावून घेतले. दादांनी आधी फुटलेला बेलोज पाहिला. चीर घडीच्या खोबणीत, एकाच बाजूला होती आणि बाकीच्या घड्या त्या बाजूला ओढलेल्या, समोरच्या बाजूला एकमेकींवर चेपलेल्या होत्या. ते म्हणाले, ‘क्षारांनी खाल्लेला पत्रा असा दिसत नाही, हा वाकवून वाकवून मोडला आहे. खांबावरचा पत्रा काढ.’

पत्रा काढला तेव्हा खांबाच्या तळातील चारही फास्टनरांची भोके लांबट झालेली दिसली आणि फरशीवर खांबाच्या पायपट्टीने घासलेला चकचकीत पट्टा होता. मी स्केल लावून मोजला. तो ३४ मिलिमीटर होता. जो बिंदू जमिनीशी जखडलेला असायला हवा, तो रोज एवढा हिंडत होता. दादांनी कारण समजावले. बॉयलर थंड असताना पंपाच्या दाबाने बेलोज ताणला जाई आणि खांबाला बॉयलरच्या दिशेला ढकली. पहाटे चार वाजता बॉयलर पेटला की लूपच्या बाजूचा पाइप लांबून त्याच खांबाला उलट, इमारतीच्या दिशेला रेटी, आणि त्या हालचालीचा भारही बेलोजवर पडे. बेलोजची क्षमता ५० मिलिमीटर दबण्याची होती आणि ४७ तर त्याच्या स्वतःच्या बाजूचेच होते. सकाळ-संध्याकाळ बॉयलर पेटत असल्याने हे दिवसातून दोनदा घडत होते. शिवाय बेलोजच्या पुढे पहिला गाइड चार व्यासांच्या आत, म्हणजे आमच्या पाइपाला ४० सेंटिमीटरांच्या आत, आणि दुसरा त्यापुढे चौदा व्यासांवर, म्हणजे १.४ मीटरांवर हवा होता. आमच्याकडे पहिलाच आधार अडीच मीटरांवर होता, त्यामुळे पाइप सरळ दबण्याऐवजी आडवा फुगला आणि घड्या एका बाजूला वाकल्या.

पण लूपच्या बाजूचा पाइप खांबाला ढकलतच का होता, त्याची वाढ लूपने का घेतली नाही, हा प्रश्न राहतो, आणि तिथे आमची दुसरी फसवणूक उघड झाली. नकाशात लूपचे दोन पाय प्रत्येकी २.३ मीटर आणि माथा १.१५ मीटर होता, म्हणजे एकूण ५.७५ मीटर. ठेकेदाराने पाय ९० सेंटिमीटरांचे आणि माथा ६० सेंटिमीटरांचा केला, म्हणजे एकूण २.४ मीटर. बिलात एल्बो, म्हणजे पाइपाचे कोपरे, चारच होते आणि चारच बसले होते, म्हणून मोजणी बरोबर भरली. लूप अर्ध्याहून लहान झाला म्हणजे तो अर्ध्याहून थोडी कमी वाढ घेईल असे मला वाटले होते. तसे नाही. लूप किती मिलिमीटर सुरक्षितपणे सोसतो हे त्याच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. लांबी बेचाळीस टक्क्यांवर आली की क्षमता सुमारे सतरा टक्क्यांवर येते. ४७ मिलिमीटरांसाठी आखलेला लूप आठच मिलिमीटरांचा उरला होता. उरलेली वाढ जिथे वाट मिळेल तिथे गेली, म्हणजे त्या खांबावर.

ठेकेदाराशी पुढचे बोलणे एका छायाचित्रावर मिटले. चाचणीच्या दिवशी गेजचा फोटो मी मोबाइलवर काढला होता आणि त्यात मागे तीन रॉड आणि त्यांचे पिवळे नट स्वच्छ दिसत होते. दादांनी तो त्याच्यासमोर धरल्यावर क्षारांचा विषय थांबला. तरी हाती फार आले नाही. बिलाचा पंचाण्णव टक्के भाग आम्ही सहीच्या आठवड्यातच देऊन बसलो होतो. राखून ठेवलेले पाच टक्के आणि नव्या बेलोजची किंमत एवढीच वसूल झाली, पाया, लूप आणि इन्सुलेशनचा खर्च संस्थेने सोसला.

अशी लाइन टाकून घेणाऱ्यांनी माझ्यासारखे गेजकडे पाहत उभे राहू नये. अँकर, गाइड आणि लूप टेपने मोजून होईपर्यंत इन्सुलेशन चढवू देऊ नये, आणि चाचणीआधी बेलोजचे रॉड आपल्यासमोर काढून घ्यावेत. दाब भरण्यापूर्वी प्रत्येक मुख्य अँकरजवळ पाइपावर आणि शेजारच्या न हलणाऱ्या आधारावर एकाच रेषेत खडूची खूण करावी. पूर्ण दाबाला ती खूण फुटली, तर अँकर खोटा आहे. अखेरचे पैसे मात्र थंड चाचणीनंतरही देऊ नयेत. बॉयलर पूर्ण तापवून त्या खुणा पुन्हा पाहाव्यात: अँकरजवळच्या खुणा जुळलेल्या असाव्यात, आणि बेलोजजवळच्या गाइडपाशी पाइप जवळजवळ हिशेबाइतका सरकलेला असावा. तिथे तो सरकलाच नसेल, तर रॉड अजून जागेवर आहेत किंवा गाइड पाइपाला आवळून बसला आहे.

जानेवारीत आम्ही मधला पाया दीड टन रेट्याच्या हिशेबाने नव्याने भरला, लूप नकाशाप्रमाणे केला आणि बेलोजपुढे दोन्ही गाइड बसवले. पहिल्या दिवशी पहाटे दादा आणि मी टॉर्च घेऊन गेलो. पाणी ८४ अंशांना पोचले तेव्हा मधल्या अँकरवरची खडूची रेघ सरळ होती आणि बेलोजपुढच्या पहिल्या गाइडपाशी पाइप ४५ मिलिमीटर सरकला होता. पत्रा त्यानंतर चढवला.