ट्रेनरची ओळख कोणी करून द्यावी: एचआरने की प्रॉडक्शन मॅनेजरने?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरांसाठी ‘कामगाराला त्याची चूक कशी सांगावी’ या विषयावर दिवसभराचं प्रशिक्षण आहे, असं धरू.

एचआरने करून दिलेली ओळख बहुतेकदा बायोडेटातून येते: पदव्या, अनुभवाची वर्षं, मोठ्या कंपन्यांची नावं. पाच मिनिटं ऐकून सुपरवायझरला एवढंच कळतं की मॅडम खूप शिकलेल्या आहेत. आपल्या लाइनशी त्यांचा संबंध काय, हे कळत नाही. चहाची वेळ, हजेरीच्या सह्या, मोबाइल सायलेंट या सूचना मात्र एचआरनेच द्याव्यात.

प्रॉडक्शन मॅनेजरने दीड मिनिट बोलावं, हे मला जास्त पटतं. “रिजेक्शनवरून गेल्या महिन्यात लाइनवर दोनदा वाद झाले. मॅडमनी स्वतः शॉप फ्लोअर सांभाळलाय. जेवणानंतर प्रत्येकाने आपला एक खरा प्रसंग करून दाखवायचा आहे.” गरज, माणूस आणि अपेक्षा, तिन्ही आलं. त्यानंतर मात्र त्याने मागच्या खुर्चीत बसू नये. साहेब समोर असले की खरा प्रसंग कोणी सांगत नाही. “इथलं बोलणं अप्रेझलमध्ये येणार नाही” हेही त्यानेच सांगून जावं, कारण तो शब्द पाळणं ट्रेनरच्या हातात नसतं.

बाकीच्या अपेक्षा ट्रेनरने फ्लिपचार्टवर लिहून घ्याव्यात. ओव्हरटाइमचा प्रश्न आलाच, तर तो वेगळ्या कागदावर टिपावा आणि आज त्याचं उत्तर मिळणार नाही, हे तिथल्या तिथे सांगावं.