राउटर ‘उडाला’ म्हणून नवा घेतला, जुना ठणठणीत निघाला

भिंतीला रंग द्यायचा म्हणून राउटर मीच काढला आणि रंग वाळल्यावर मीच परत लावला. म्हणजे पहिली चूक माझीच, ते आधीच कबूल करतो. त्या चुकीवर दुसऱ्याने आपली पोळी कशी भाजून घेतली, ते सांगायला हे लिहितोय.

राउटर लावला, दिवे लागले, वायफायचं नाव दिसलं, पासवर्डही चालला. पण इंटरनेट माझ्या फोनवर होतं आणि लॅपटॉपवर नव्हतं. फोनचं वायफाय बंद करून परत चालू केलं की कधीकधी फोनही गप्प व्हायचा. राउटर दोनदा बंद-चालू केला, फरक शून्य. शेवटी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने वाकून राउटरच्या पाठीमागे टॉर्च मारला, मग पुढच्या दिव्यांवर बोट ठेवलं. ‘बघा, वॅनचा, म्हणजे बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टाचा, दिवा लागतच नाही. पोर्ट उडालाय. अर्धवट चालतंय ना, तेच लक्षण. आज ना उद्या पूर्ण जाणार.’ दिवा खरोखरच विझलेला होता, मला पटलं. त्याच्या पिशवीत नवा राउटर तयारच होता. जुन्यातली मोडेमची वायर उपटून त्याने नव्याच्या निळ्या पोर्टात खोचली, आणि दहा मिनिटांत सगळं सुरू.

पुढे मेव्हण्याला तो जुना राउटर दिसला. सगळी हकीकत ऐकून त्याने एकच विचारलं, ‘मोडेमची वायर कुठे लावली होतीस?’ मला काय आठवणार? पण नव्या रंगाचा फोटो मी बहिणीला पाठवला होता, त्यात कोपऱ्यात राउटर आला होता. मोठा करून पाहिला. करडी वायर चार पिवळ्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या लॅन पोर्टांपैकी पहिल्यात, आणि निळा वॅन पोर्ट रिकामा! वॅनचा दिवा विझलेला असणारच, त्यात वायरच नव्हती. टॉर्च मारून बघणाऱ्याला हे दिसलं नसेल, असं मानायला मी तयार नाही.

मग फोन कसा चालत होता? ते मेव्हण्याने समजावलं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि ‘बाहेर जायचं दार कुठलं’ तेही सांगतो. आमचा मोडेमसुद्धा असे पत्ते वाटतो. वायर वॅनमध्ये असली की मोडेमचं हे वाटप राउटरपाशीच थांबतं. लॅनमध्ये खोचली की मोडेम थेट घरच्या जाळ्यात येतो आणि एका घरात दोन वाटप करणारे होतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. फोनला मोडेमने पत्ता दिला, तो चालला. लॅपटॉपला राउटरने दिला आणि दार म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं. राउटरला तर बाहेरचा रस्ताच नव्हता. मोडेम पत्ते वाटणारा नसता, तर सगळीच यंत्रं ठप्प झाली असती आणि मला बहुधा वायरचा संशय आला असता. अर्धवट चालण्यानेच घात केला.

त्याने जुना राउटर लावून मुद्दाम तीच चूक केली आणि लॅपटॉपवर `ipconfig` चालवलं. `Default Gateway` पुढे `192.168.0.1`, म्हणजे राउटर. फोनच्या वायफाय तपशिलात मात्र `192.168.1.1`, म्हणजे मोडेम. एकाच वायफायवर दोन दारं. मग वायर निळ्या पोर्टात हलवली. ‘उडालेल्या’ वॅनचा दिवा लगेच लागला. वायफाय तोडून परत जोडल्यावर दोन्हीकडे `192.168.0.1` आलं आणि दोन्हीकडे इंटरनेट.

वॅन पोर्ट खरोखरही जळतो, विजेच्या कडकडाटानंतर तर हमखास ऐकू येतं. पण ते ठरवायचं तर चालू मोडेमची धड वायर वॅनमध्येच लावून दिवा बघायला हवा. दुरुस्तीवाल्याने तेवढंही केलं नव्हतं. तुमच्याकडे कोणी ‘पोर्ट गेला’ म्हणालं तर त्याच्यासमोर हे करायला लावा. रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. पोर्टाशेजारी WAN किंवा Internet लिहिलंय का, किंवा पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह आहे का, ते वाचा. काही राउटर कुठल्याही पोर्टातली बाहेरची वायर आपणहून ओळखतात, त्यांना हे लागू नाही. आणि कोणी राउटर नुसता वायफाय पसरवायला, त्याचं पत्तेवाटप बंद करून लावला असेल, तर तिथे वायर लॅनमध्येच बरोबर असते.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. ‘तेव्हा नव्हता लागत, आता कॉन्टॅक्ट आला असेल,’ म्हणाला. मी तो भिंतीचा फोटो निळ्या पोर्टाभोवती गोल करून पाठवला. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.