अशोक चौकातून सहकाऱ्याला घेऊन चिंचोळी एमआयडीसी: किती किलोमीटर वाढले, किती मिनिटे गेली

मी जुळे सोलापुरात राहतो, कंपनी चिंचोळी एमआयडीसीत. क्वालिटी विभागातले अण्णा अशोक चौकाजवळ राहतात. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आम्ही माझ्या गाडीतून एकत्र जातोय.

अण्णांचे घर माझ्या नेहमीच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. जाऊन-येऊन सहा वाढणार, असा हिशोब सगळे करतात. पण त्यांना घेऊन मी सात रस्ता चौकात, जिथून त्यांच्याकडे वळतो, तिथे परत येतच नाही, तिकडूनच पुढे निघतो. त्यामुळे घर किती आत आहे यापेक्षा दोन्ही रस्त्यांत फरक किती पडतो, ते पाहायला हवे.

हा फरक मोजायला घरापासून कंपनीपर्यंतची वेळ धरू नये. महामार्गावर बाळ्याच्या पुढे एखादा कंटेनर आडवा आला की आकडा बिघडतो, आणि त्याचा अण्णांशी काही संबंध नसतो. माझे दोन रस्ते सात रस्त्याला फुटतात आणि जुन्या पुणे नाक्याला एकत्र येतात. म्हणून ट्रिप मीटर सात रस्त्याला शून्य करायचा आणि नाक्याला मीटर व घड्याळ दोन्ही बघायचे. अण्णा रजेवर असले की घरून त्याच वेळी निघून सरळ रस्त्याची नोंद करायची. मग नोंदी चढत्या क्रमाने लावून मधली घ्यायची. सरासरी घेतली तर कोंडीचा एखादाच दिवस सगळा आकडा वर ओढतो.

माझ्या मीटरवर रंगभवन, पार्क चौक, शिवाजी चौक असा सरळ रस्ता ३.७ किलोमीटर भरतो आणि सकाळी १२ मिनिटे लागतात. गुरुनानक चौक, अशोक चौक, मग कन्ना चौक, कोंतम चौक, बाळीवेस असे फिरून गेले की ७.४ किलोमीटर आणि २८ मिनिटे. म्हणजे वाढ ३.७ किलोमीटर आणि १६ मिनिटांची. सहा किलोमीटरची भीती खोटीच ठरली, वेळ मात्र अंतराच्या मानाने फार जातो.

त्या १६ मिनिटांतली जेमतेम नऊ मिनिटे जास्तीच्या मोठ्या रस्त्याची आहेत. चार मिनिटे दारात थांबण्यात जातात आणि तीन मिनिटे गल्लीत. गल्ली ३०० मीटरचीच आहे, पण आत जाऊन त्याच वाटेने बाहेर यायचे, मध्ये गाडी वळवायची आणि समोरून टेम्पो आला तर मागे घ्यायची. गूगल मॅप्समध्ये मधला थांबा टाकला तर अंतर ठीक दाखवते, मात्र थांबण्याची वेळ त्यात धरलेली नसते.

आणखी एक वेळ कुठल्याच नोंदीत दिसत नाही. वाट पाहणे रोज चारच मिनिटांचे असते असे नाही, कधी दहाही होतात. पंचिंग चुकू नये म्हणून मला घरून २५ मिनिटे आधी निघावे लागायचे. माझी रोजची खरी किंमत ती होती.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. पेठेत माझी गाडी लिटरला १२ च्या आसपास देते. त्यामुळे ३.७ किलोमीटरला साधारण ०.३ लिटर, १०५ रुपये भावाने ३० रुपयांच्या वर थोडे. अण्णा निम्मा खर्च देतात, तो यापेक्षा बराच जास्त होतो, त्यामुळे पैशात मी फायद्यातच आहे. म्हणूनच मिनिटे वाचवायच्या मागे लागलो.

आधी अण्णा गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. अंतर ०.६ किलोमीटरने घटले आणि वाढीव वेळ ११ मिनिटांवर आली. संध्याकाळी मात्र बाळीवेस ते कोंतम चौक इतकी गर्दी असते की तेवढ्याने भागेना. तेव्हा अण्णाच म्हणाले, "मला शिवाजी चौकातच सोडा की ओ, तिथनं रिक्षानं जातो." पुढे सकाळीही ते तिथेच येऊ लागले. आता किलोमीटर वाढतच नाहीत, वेळ फार तर दोन मिनिटे. फक्त उभे राहायची जागा नीट निवडावी लागते. चौकातच एसटी आणि रिक्षांच्या मध्ये थांबता येत नाही. चौक ओलांडून नाक्याकडे जाताना डाव्या हाताला थांबले की रस्ता ओलांडायचीही गरज नाही. रिक्षाचे पैसे आम्ही एकूण खर्चातच धरतो, नाहीतर माझी मिनिटे वाचतात आणि भुर्दंड त्यांच्या खिशाला.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हिशोब उलटतो. होम मैदानाच्या बाजूने सरळ रस्ताच इतका तुंबतो की अशोक चौकातून फिरून जाण्यातला फरक अगदी थोडा उरतो. त्या दिवसांत मी परत अण्णांना गल्लीच्या तोंडावरून घेतो. नंदीध्वज मिरवणुकीच्या दिवशी मात्र आतले रस्ते बंद असतात, तेव्हा आम्ही थेट जुन्या पुणे नाक्यावर भेटतो.